४० वॅट-तासांचा हिशेब

व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२२मध्ये ‘स्टीम डेक’ हा हातात धरून खेळायचा संगणक बाजारात आणला. बॅटरी किती चालेल, याचं कंपनीचं उत्तर होतं २ ते ८ तास. नोव्हेंबर २०२३मध्ये ओलेड पडद्याचं मॉडेल आलं, त्याचं उत्तर ३ ते १२ तास. यात खोटं काही नाही, पण घेणाऱ्याच्या हाती काही लागतही नाही. मुंबईहून पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन साधारण सव्वातीन तास घेते. तेवढ्या वेळात ‘सायबरपंक २०७७’सारखा भारी गेम खेळून होईल का, की कर्जत यायच्या आत पडदा काळा होईल? ‘२ ते ८’ या उत्तरातून हे कळत नाही. ते कळण्यासाठी एक भागाकार करावा लागतो, आणि त्यात कोणते आकडे घालायचे हे माहीत असावं लागतं.

पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. म्हणजे यंत्राने सतत ४० वॅट ओढले तर ती एक तास पुरेल, २० ओढले तर दोन तास, १० ओढले तर चार. आता कंपनीचं उत्तर उलटं वाचून बघा. दोन तास म्हणजे २० वॅट, आठ तास म्हणजे ५ वॅट. पाच वॅटमध्ये पडदा मंद ठेवून एखादा अगदी हलका गेम चालतो, त्यापलीकडे काही नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’सारखा साधा, चित्रं हलकी असलेला गेमही आठ-नऊ वॅट घेतो, म्हणजे साडेचार-पाच तास. आणि सगळी ताकद मागणारा गेम लावला, तर पूर्ण यंत्राचा खप २३-२४ वॅटपर्यंत जातो. ते दोन तासही नाहीत, जेमतेम शंभर मिनिटं आहेत.

इथे अनेकांची एक गल्लत होते. स्टीम डेकच्या माहितीपत्रकात ‘१५ वॅट’ हा आकडा ठळकपणे दिसतो, म्हणून लोक ४० ला १५ने भागतात आणि पावणेतीन तास मिळतील असं धरून चालतात. पण ते १५ वॅट फक्त मुख्य चिपचे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स या एकाच एएमडी चिपवर असतात आणि ती मर्यादा दोघांत मिळून असते. पडदा, मेमरी, एसएसडी, वाय-फाय, पंखा, स्पीकर आणि वीज एका दाबावरून दुसऱ्यावर नेताना होणारी गळती हा खर्च वेगळा. भारी खेळात तो सात-नऊ वॅटपर्यंत जातो. स्कूटर घेताना कंपनीचं मायलेज ऐकून आपण मनातल्या मनात त्यातून काही वजा करतो, तशी वजाबाकी इथेही करावी लागते. फरक इतकाच, की इथे नेमकं किती वजा करायचं ते पडद्यावर लिहून येतं.

डेकवर उजव्या बाजूला तीन टिंबांचं बटण आहे. ते दाबल्यावर `Performance` या पानावर एक पट्टी चालू करता येते आणि ती खेळाच्या वर दिसत राहते. तिच्यात सेकंदाला किती फ्रेम निघतात, चिप किती वॅट खाते, तापमान किती आणि बॅटरीतून एकूण किती वॅट बाहेर पडतात हे कळतं. हा शेवटचा आकडा आपल्या भागाकाराचा. चार्जर लावलेला असताना तो बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा बॅटरीतून काही जातच नसतं. विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांमध्ये तर चार्जर लावल्यावर चिपची मर्यादाही वाढते. असुसच्या ‘रॉग अ‍ॅली’मध्ये बॅटरीवर कमाल २५ वॅट मिळतात आणि चार्जरवर ३०. टेबलावर चार्जर लावून चाचणी करायची आणि तो अंदाज प्रवासाला लावायचा, हे म्हणून फसतं.

आता ‘सायबरपंक २०७७’ घेऊ. हा गेम निवडण्याचं कारण म्हणजे त्याच्या सेटिंगमध्येच एक चाचणी आहे. बटण दाबलं की गेम स्वतःच शहरातून एक ठरावीक फेरफटका मारतो आणि शेवटी सरासरी, किमान आणि कमाल फ्रेम सांगतो. सेटिंगच्या तयार संचांमध्ये ‘स्टीम डेक’ नावाचा एक संचही आहे. पहिल्या खेपेचा निकाल फेकून द्यावा. पहिल्यांदा चालताना यंत्र शेडर, म्हणजे चित्र रंगवायच्या छोट्या सूचना, तयार करत असतं आणि त्यामुळे मधेमधे अटकतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे आकडे एकमेकांच्या जवळ आले की ते धरावेत.

समजा, फ्रेमवर कसलीही मर्यादा न घालता सरासरी ४२ आली, किमान ३० आली आणि बॅटरीतून २४ वॅट जाताना दिसले. ४० वॅट-तास भागिले २४, म्हणजे १०० मिनिटं. त्या १०० मिनिटांत, सेकंदाला ४२ या दराने, यंत्र सुमारे २,५२,००० फ्रेम काढेल. आता त्याच पानावरच्या फ्रेम-मर्यादेच्या पट्टीने मर्यादा ३०वर आणली. एक फ्रेम काढून झाली की पुढचीची वेळ होईपर्यंत चिपला थोडी उसंत मिळते, ती आपला वेग आणि विजेचा दाब उतरवते, आणि समजा एकूण खप १८ वॅटवर आला. बॅटरी १३३ मिनिटं पुरेल आणि तेवढ्यात निघतील २,४०,००० फ्रेम.

दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या आहेत. हा योगायोग नाही. भारी गेममध्ये एक फ्रेम काढायला लागणारी ऊर्जा फारशी बदलत नाही. मर्यादा घातल्यावर चिप कमी दाबावर चालते म्हणून प्रत्येक फ्रेम थोडी स्वस्त पडते. पण पडदा आणि मेमरीचा खर्च वेळेच्या हिशेबाने चालूच राहतो, म्हणून तीच फ्रेम थोडी महागही पडते, आणि दोन्ही बाजू एकमेकींना खातात. तेव्हा भरलेली बॅटरी म्हणजे ठरावीक फ्रेमचा साठा, असं समजून चाललं तर फार चुकत नाही. घाईने वापरला तर लवकर संपेल, सावकाश वापरला तर पुरेल. एक फ्रेम खरोखर स्वस्त करायची असेल तर मर्यादा घालून भागत नाही, त्या फ्रेममधलं कामच कमी करावं लागतं. सावल्या, प्रतिबिंबं, रस्त्यावरची गर्दी ही सेटिंग उतरवली की तेवढ्याच फ्रेम कमी विजेत निघतात. मर्यादा आधी आणि सेटिंग नंतर हा क्रम मात्र पाळावा. मर्यादा नसताना सेटिंग उतरवली, तर वाचलेल्या विजेत चिप आणखी फ्रेम काढते आणि बॅटरी होती तिथेच राहते.

एवढ्यावर कोणी म्हणेल, मग ३०वर लावून मोकळं व्हावं. बॅटरीपुरतं ते बरोबर आहे, पण डोळ्यांचा आणि बोटांचा हिशेब निराळा असतो. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदांनी एक चित्र. ६० म्हणजे दर १६.७ला एक. या दोन वेळांच्या बरोबर मध्ये २५ मिलिसेकंद येतात, आणि ती झाली सेकंदाला ४० फ्रेम. म्हणजे फक्त दहा फ्रेम वाढवून ३० ते ६० या प्रवासातलं निम्मं अंतर कापलं जातं. डेकचा पडदा सेकंदाला ४० वेळा ताजा होईल असा लावता येतो, म्हणून प्रत्येक चित्राला सारखाच वेळ मिळतो. हे जमवलं नाही आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४२ची सरासरी तशीच सोडली, तर काही चित्रं एक फेरी टिकतात आणि काही दोन. सरासरी चांगली दिसते आणि रस्ता मात्र हिसके देत सरकतो. माझ्या मते सतत मिळणाऱ्या ४० फ्रेम या ३५ आणि ५५च्या मध्ये झोके घेणाऱ्या ४५पेक्षा केव्हाही बऱ्या. पट्टीतल्या आलेखाची रेघ सपाट असावी. ती करवतीसारखी दिसू लागली की सरासरी काही सांगो, खेळताना त्रास होणारच.

आपल्या उदाहरणात तोटा असा, की यंत्र ४२च देत होतं, त्यामुळे ४०ची मर्यादा घालून एखादा वॅट वाचेल, बॅटरी चार-पाच मिनिटं वाढेल. शिवाय किमान आकडा ३० होता, म्हणजे गर्दीच्या जागी ४० टिकणार नाहीतच. ४० हवे असतील तर सेटिंग उतरवून मोकळी सरासरी ५०च्या पुढे न्यावी लागेल, मग ती मर्यादा खरंच काम करेल. हा गेमचा स्वतःचा चाचणी-फेरफटका तसा सौम्य आहे हेही लक्षात ठेवावं. सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या ‘फँटम लिबर्टी’ या विस्तारातला डॉगटाउन हा भाग याहून जड आहे. चाचणीत जेमतेम बसलेली सेटिंग तिथे बसत नाही.

आता डेक्कन क्वीनकडे वळू आणि गणित उलटं मांडू. वेळ ठरलेली आहे, सव्वातीन तास. बॅटरीचा शेवटचा दहावा भाग हिशेबात धरायचा नाही, कारण छापील क्षमता पूर्ण कधीच हाती येत नाही. उरले ३६ वॅट-तास. भागिले ३.२५, म्हणजे सुमारे ११ वॅट. त्यातले पडद्याचे आणि बाकीचे सहा वजा केले की चिपच्या वाट्याला पाच. पाच वॅटमध्ये ‘सायबरपंक’ खेळण्यासारखा चालत नाही, सेटिंग कितीही उतरवा. उत्तर सरळ नाही असं येतं. ओलेड मॉडेलची बॅटरी ५० वॅट-तासांची, चिप अधिक काटकसरी आणि पडद्याचा खर्चही कमी. तिथे चिपला नऊ वॅटच्या आसपास मिळतील, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर ३० फ्रेम निघण्याची आशा आहे, भरल्या बाजारात नाही. असुसच्या २०२४मधल्या ‘रॉग अ‍ॅली एक्स’मध्ये ८० वॅट-तासांची बॅटरी आहे. त्याच गणिताने एकूण २२ वॅट मिळतात आणि प्रवास आरामात होतो. ही यंत्रं तुलनेला ठेवली की लोक चिपबद्दल भांडतात, पण प्रवासापुरता निकाल बहुधा बॅटरीच्या आकड्यानेच लागलेला असतो.

पॉवर बँक हा उपाय आहेच, त्याचा हिशेबही मिलीअँपिअरमध्ये नाही तर वॅट-तासांत करावा. २०,००० मिलीअँपिअर-तासांची बँक आतल्या ३.७ व्होल्टवर मोजलेली असते, म्हणून ती ७४ वॅट-तासांची झाली. गळती जाऊन यंत्रापर्यंत साठच्या आसपास पोचतात. ती फक्त १८ वॅट देणारी असली तर २४ वॅट खाणारा गेम चालू असताना डेकची टक्केवारी चार्जिंग चालू असूनही खाली उतरत जाते, आणि लोकांना वाटतं केबल खराब आहे. केबल ठीक असते, दर तासाला सहा वॅट-तासांची तूट पडत असते. डेकबरोबर येणारा चार्जर ४५ वॅटचा आहे. बँकही तेवढं देणारी घ्यावी.

जास्त वॅट घेणारी चिप जास्त फ्रेम देते, पण त्या प्रमाणात नाही. चिपचा वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खप दाबाच्या वर्गाने वाढतो. म्हणून १५वरून २५ वॅट केले, म्हणजे वीज दोन तृतीयांशाने वाढवली, तरी फ्रेम तेवढ्या वाढत नाहीत, बऱ्याच कमी वाढतात. २०२३च्या रॉग अ‍ॅलीची बॅटरीही डेकइतकीच, ४० वॅट-तासांची होती. २५ वॅटच्या पद्धतीत एकूण खप ३५च्या घरात जातो आणि भारी गेम तासाभरातच आटोपतो. दुसऱ्या टोकाला, दहा वॅटच्या खाली, त्याच अ‍ॅलीची मोठी चिप डेकच्या छोट्या चिपसमोर फारसं काही वेगळं करून दाखवत नाही. चिप कितीही मोठी असो, आपण तिला किती वॅट देणार हे आधी ठरवून मगच तिची किंमत करावी.

पडद्याचे ठिपकेही मोजून बघण्यासारखे आहेत. डेकचा पडदा १२८० बाय ८००, म्हणजे सुमारे दहा लाख ठिपके. अ‍ॅलीचा १९२० बाय १०८०, वीस लाखांच्या वर. लेनोवोच्या पहिल्या ‘लिजन गो’चा २५६० बाय १६००, म्हणजे डेकच्या बरोबर चौपट. दुकानात चौपट ठिपके छान दिसतात. भारी गेम लावल्यावर मात्र ते भरायला चिपकडे बळ नसतं आणि आपण रिझोल्यूशन उतरवतोच. एफएसआरसारखी तंत्रं लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवतात, आणि लहान पडद्यावर ती बऱ्यापैकी खपून जातात, बारीक अक्षरं आणि दूरच्या तारा सोडल्यास. मधली चित्रं स्वतः घडवून फ्रेम दुप्पट दाखवणारं तंत्र मात्र मी या अंदाजात धरत नाही. ३०च्या जागी ६० हा आकडा दिसतो, पण बटण दाबल्यावर उत्तर ३०च्याच गतीने, किंवा त्याहून थोडं उशिरा येतं.

ठिपके कमी करूनही फ्रेम वाढल्या नाहीत तर काय समजायचं? अडलेलं ग्राफिक्स नाही, प्रोसेसर आहे. ही खूण फार कामाची आहे आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत: रिझोल्यूशन एकदम उतरवा आणि आकडा हलतो का बघा. ‘बाल्डर्स गेट ३’ हे याचं ठळक उदाहरण. ऑगस्ट २०२३मध्ये तो आला तेव्हा त्याला डेकसाठीचं ‘व्हेरिफाइड’ हे हिरवं चिन्ह मिळालं होतं, आणि सुरुवातीचं जंगल व गावं खरोखर ठीक चालत. तिसऱ्या अंकात मोठं शहर येतं, रस्त्यावर माणसंच माणसं, प्रत्येकाची हालचाल प्रोसेसरने सांभाळायची. तिथे फ्रेम ३०च्या खाली घसरत आणि सावल्या बंद करून काही फरक पडत नसे. लारियन कंपनीने सप्टेंबर २०२५मध्ये डेकसाठी खास वेगळी आवृत्ती काढली, ती प्रोसेसरवरचा हा भार हलका करण्यासाठीच. हिरवं चिन्ह बटणं, अक्षरांचा आकार आणि गेम विनासायास सुरू होतो का हे सांगतं, आणि साधारण खेळण्यासारखा चालतो असंही. तीस तासांनंतर येणाऱ्या शहराबद्दल ते काही सांगत नाही.

भारतात स्टीम डेक कंपनीकडून अधिकृतपणे विकला गेलेला नाही, लोक तो बाहेरून आणवतात. अ‍ॅली जुलै २०२३मध्ये इथे ६९,९९० रुपयांना आला. घेऊन बघू, नाही आवडला तर परत करू, ही सोय अशा खरेदीत नसतेच, म्हणून दुसऱ्यांनी केलेल्या चाचण्यांवर विसंबावं लागतं. त्या वाचताना माझा नियम एवढाच आहे: चिपला किती वॅट दिले होते, रिझोल्यूशन काय होतं आणि गेममधली कोणती जागा होती, या तिन्ही गोष्टी सांगितलेल्या नसतील तर तो फ्रेमचा आकडा सोडून द्यायचा. ‘अल्ट्रावर ६० मिळतात’ असं म्हणणारा बहुतेक वेळा चार्जर लावून, गेमच्या पहिल्या बंद खोलीत उभा असतो.

नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. व्हॉल्व्हने २०२२च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं की डेक ० ते ३५ अंश हवेत सर्वांत चांगला चालतो. चिप १०० अंशांपर्यंत निभावते, त्यापुढे स्वतःचा वेग कमी करते आणि १०५ला यंत्र बंद पडतं. मे महिन्यात दुपारी ४४ अंशांत पंख्याखाली बसून खेळलं तर आतला पंखा गरम हवाच आत ओढणार. पहिली दहा मिनिटं ४० फ्रेम आणि मग हळूहळू ३३, असं दिसलं की आधी पट्टीतलं तापमान बघावं. म्हणून चाचणी पाच मिनिटांत उरकू नये, निदान अर्धा तास चालू द्यावी.

आणि भागाकारातला वरचा आकडाही कायमचा ४० राहत नाही. बॅटरी झिजते. डेकवर डेस्कटॉप मोडमध्ये टर्मिनल उघडून ही आज्ञा दिली की `energy-full` आणि `energy-full-design` अशा दोन ओळी दिसतात:

```
upower -d
```

विंडोजच्या यंत्रावर हीच माहिती पुढच्या आज्ञेने एका अहवालात मिळते:

```
powercfg /batteryreport
```

दुसरी ओळ कारखान्यातली क्षमता सांगते, पहिली आजची. दोन वर्षं वापरलेलं यंत्र सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून या दोन ओळींचा फोटो मागावा. पहिली ३४ निघाली, तर २४ वॅटचा गेम १०० नव्हे, ८५ मिनिटं चालेल, आणि किंमत ठरवताना ती पंधरा मिनिटं धरायला हरकत नाही.